कर्सर आपोआप हलतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कशालाही हात लावलेला नाही, तरी कर्सर हलतो. असं होऊ तरी कसं शकतं?

पडद्यावर कर्सर एकच दिसतो, पण त्याला ढकलणारे बरेच असतात. लॅपटॉपला माउस लावला म्हणून टचपॅड झोपी जात नाही. दोघांच्या सूचना एकाच वेळी विंडोजकडे पोहोचतात आणि विंडोज त्या एकाच कर्सरवर चालवतं. टचस्क्रीन असेल तर तिसरा, चित्रं काढायची पाटी असेल तर चौथा, मागच्या पोर्टमध्ये विसरलेला जुन्या वायरलेस माउसचा रिसीव्हर असेल तर पाचवा. कर्सर हलला की तो यांतल्या कोणी हलवला, हे पडद्याकडे बघून कळत नाही.

म्हणून ‘कर्सर बिघडलाय’ असं काही नसतं. कोणीतरी खोटी सूचना पाठवतंय आणि तो कोण, हे आपल्याला शोधायचंय. बहुतेक लोक इथेच चुकतात. हाताखाली माउस असतो म्हणून दोष माउसला देतात आणि नवीन घेऊन येतात. माझ्या दुकानात दोन-दोन नवे माउस घेतलेली गिऱ्हाइकं येतात, आणि त्रास जागच्या जागी असतो.

हलण्याच्या तऱ्हेवरून काही अंदाज येतो का?

बराच येतो. पण त्यासाठी दोन्ही हात मांडीवर ठेवून, काहीही न करता दोन मिनिटं नुसतं बघायला हवं. हे लोकांना फार जड जातं. कर्सर हलला की हात आपसूक माउसकडे जातो आणि पुरावा पुसला जातो.

कर्सर जागच्या जागी थरथरत असेल, म्हणजे दोन-चार ठिपके इकडे, दोन-चार तिकडे, तर आधी माउसवर संशय घ्या. तो खाली काय बघतोय हे त्याला नीट कळत नसतं. एकाच दिशेला संथपणे सरकत जाऊन कडेला टेकत असेल तर कुठेतरी काहीतरी एका बाजूला दाबलं गेलंय: कीबोर्डमधला लाल ठिपका, गेम कंट्रोलरची दांडी किंवा अडकलेली की. कर्सर एका ठिकाणाहून नाहीसा होऊन दुसरीकडेच उगवत असेल, मधूनच क्लिकही होत असेल, तर टचपॅड किंवा टचस्क्रीन. आणि तो पुन्हा पुन्हा त्याच जागी ओढला जात असेल, तुम्ही माउसने बाजूला नेलात तरी परत तिथेच येत असेल, तर चित्रांच्या पाटीवर पेन पडून राहिलंय का ते बघा.

हे अंदाज आहेत, निकाल नाहीत. निकाल एकेकाला बाजूला काढूनच लागतो.

मग सुरुवात कुठून करायची?

माउसपासून, कारण त्याला वेगळा करणं सगळ्यात सोपं. वायरचा असेल तर पिन काढा. वायरलेस असेल तर नुसतं बटण बंद करू नका, रिसीव्हरही उपसून काढा. ब्लूटूथ माउस असेल तर ब्लूटूथच बंद करा. आता हात दूर ठेवून पाच मिनिटं थांबा. कर्सर गप्प बसला तर माउस किंवा माउसखालचा पृष्ठभाग. हलतच राहिला तर माउस निर्दोष, पुढच्या संशयिताकडे चला.

त्यानंतर चार्जर काढून बघायचं, मग टचपॅड बंद करून, मग टचस्क्रीन. एका वेळी एकच गोष्ट बदला. माउस काढला, चार्जर काढला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, असं सगळं एकदम केलंत आणि त्रास थांबला, तर तो कशाने थांबला हे कळणार नाही आणि आठ दिवसांनी परत येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे ही तपासणी जिथे त्रास होतो तिथेच करा. त्याच टेबलावर, त्याच प्लगवर. का, ते खालच्या उदाहरणात येईल.

माउस वरून स्वच्छ आहे, लाइटही लागतो. तरी दोष त्याचाच कसा?

ऑप्टिकल माउसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी नवा फोटो ताडून बघतो. पृष्ठभागावरचे बारीक डाग, रेषा, कण किती सरकले यावरून माउस किती सरकला हे तो ठरवतो. या भिंगाचा फोकस जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरवर असतो.

आता त्या भोकात एक केस अडकला असं समजा. पंख्याच्या वाऱ्याने केस हलतो, कॅमेऱ्याला चित्र बदललेलं दिसतं, आणि तो इमानेइतबारे कळवतो की ‘आपण सरकलो’. माउस मात्र जागचा हललेला नसतो. मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरांत हे हमखास. वरून कितीही पुसला तरी उपयोग नाही, केस आत असतो.

साफ करताना माउस बंद करा, उलटा धरा आणि तिरप्या उजेडात भोकात बघा. केस चिमट्याने किंवा टूथपिकच्या टोकाने हलकेच ओढून घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कानकोरणीचा कापूस भिंगावरून एकदा फिरवा आणि वाळू द्या. तोंडाने फुंकर मारू नका. धूळ जाते आणि थुंकीचे तुषार भिंगावर बसतात, म्हणजे एक घाण काढून दुसरी घातली.

नवा माउस घेतला, तोही थरथरतो. दोन्ही खराब कसे असतील?

नसणारच. माउसखाली काय आहे?

आपल्याकडे टेबलावर काच टाकायची आणि काचेखाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं, एखादा देवाचा फोटो ठेवायचा, ही जुनी पद्धत. साध्या ऑप्टिकल माउसचं काचेशी अजिबात जमत नाही. काचेच्या वरच्या बाजूला त्याला टिपायला काही खूण सापडत नाही, आणि खालचं कॅलेंडर त्याच्या फोकसच्या पलीकडे राहतं. धूसर चित्रात तो उगाच हालचाल शोधत बसतो. चकचकीत सनमायका आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट यांचीही तीच गत. माउसखाली एक साधा पांढरा कागद सरकवा. थरथर थांबली तर माउस बदलायची गरज नाही, पॅड घ्या.

माउस उलटा करून ‘बघा, तरी हलतोय’ असं दाखवणारेही भेटतात. ती परीक्षा धरू नका. उलट्या माउसचा कॅमेरा छताकडे बघतो, आणि तिथे ट्यूबलाइट असते आणि फिरता पंखा असतो. कागदावर सरळ ठेवा, नाहीतर पिन काढा.

चार्जर लावला की कर्सर नाचतो, काढला की शहाण्यासारखा वागतो. हे काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर लॅपटॉपमध्ये नसून भिंतीत असतं.

टचपॅड दाब ओळखत नाही. त्याच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथली विद्युत धारिता किंचित बदलते. तो बदल मोजून बोट कुठे आहे हे ठरतं. मोजायची गोष्ट इतकी बारीक असल्यावर बाहेरून थोडी जरी गडबड आत आली तरी हिशेब चुकतो.

ही गडबड चार्जरमधून येते. तीन पिनांच्या चार्जरमधली जाड पिन अर्थिंगची. चार्जरमधला विजेचा गोंगाट या पिनेवाटे जमिनीत जावा अशी सोय असते. पण घरात तीन पिनांचा सॉकेट लांब पडतो, म्हणून आपण वीस-तीस रुपयांचा तीन-ते-दोन कन्व्हर्टर लावतो किंवा ज्याच्या अर्थिंगच्या भोकामागे तारच जोडलेली नाही असा एक्स्टेंशन बोर्ड वापरतो. मग गोंगाट जायला वाट राहत नाही. लॅपटॉपचं धातूचं अंग अधांतरी राहतं. त्यावरून मनगट हलकेच फिरवलं की झिणझिण्या किंवा खरखरीतपणा जाणवतो, तो याचाच. तुम्ही बोट किंवा तळहात टचपॅडवर ठेवला की तोच गोंगाट तुमच्या अंगातून टचपॅडच्या मोजमापात शिरतो आणि कर्सर उड्या मारतो. चार्जर स्वस्तातला, नकली असेल तर हात न लावताही खोटे स्पर्श उमटू शकतात.

परीक्षा सोपी आहे. चार्जर काढून बॅटरीवर दहा मिनिटं काम करा. त्रास गेला तर चार्जर पुन्हा लावा, पण या वेळी खात्रीने अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये, मध्ये कन्व्हर्टर न घालता. तरीही त्रास गेलेलाच राहिला तर दोष अर्थिंगचा होता. चांगल्या अर्थिंगवरही परत आला तर चार्जर बदला. घरातलं अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. तिथे स्वतः टेस्टर घेऊन खटाटोप नको.

एखादं खरं उदाहरण सांगाल?

चिपळूणच्या एका ताईंचं सांगतो. त्या जीएसटीची कामं करतात. ऐन जुलैत लॅपटॉप घेऊन आल्या. तक्रार अशी की कर्सर सतत थरथरतो, आणि टाइप करताना मध्येच दुसऱ्याच रकान्यात जातो. एका गिऱ्हाइकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात टाइप झाली होती. माउस दोनदा बदलून झाला होता.

दुकानात लॅपटॉप तासभर चालवला, काहीच नाही. ताई म्हणाल्या, “दादा, तुमच्याकडे आणलं की हे गुणी बाळ होतं.” परत नेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मीच त्यांच्या ऑफिसात गेलो.

टेबलावर काच होती, काचेखाली भरतीचे तक्ते आणि रिटर्नच्या तारखांचा कागद. हात मांडीवर ठेवून बसलो. कर्सर थरथरत होता. माउसचा रिसीव्हर काढला, थरथर गेली. परत लावून माउस एका कोऱ्या वहीवर ठेवला, तरी थरथर नाही. म्हणजे माउस ठीक, काच दोषी.

पण एवढ्याने रकाना बदलण्याचा उलगडा होत नव्हता. ताईंना टाइप करायला सांगितलं. सात-आठ ओळींनंतर कर्सर उडाला. डाव्या हाताचा अंगठ्याखालचा मांसल भाग टचपॅडच्या कोपऱ्याला टेकत होता. चार्जर काढला, पंधरा मिनिटं एकदाही उडी नाही. चार्जरला कन्व्हर्टर होता, तोही ज्या बोर्डात होता त्याचं अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं. माझ्या दुकानात काचही नव्हती आणि कन्व्हर्टरही नव्हता, म्हणून तिथे काहीच घडलं नव्हतं.

दोन वेगळे दोष एकावर एक बसले होते. एक दुरुस्त केला तरी दुसरा उरायचा, म्हणून काहीच सुधारलं नाही असं वाटायचं. शेवटी खर्च झाला तो एका माउसपॅडचा आणि वायरमनच्या फेरीचा.

टचपॅड बंद करून बघायचा कसा?

बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेली की असते, ती एकटी किंवा Fn सोबत दाबायची. नाहीतर विंडोज ११ मध्ये Settings, मग Bluetooth & devices, मग Touchpad. तिथेच Leave touchpad on when a mouse is connected हा पर्यायही आहे. तुम्ही कायम माउसच वापरत असाल तर त्याची खूण काढून टाका, माउस लावला की टचपॅड आपोआप बंद होईल.

माउस जवळ नसताना टचपॅड बंद केला आणि अडकलात तर घाबरू नका. Windows की आणि I एकत्र दाबली की सेटिंग उघडतं. Tab आणि बाणांच्या कीने पुढे जायचं, Space ने बटण चालू करायचं.

फक्त टाइप करतानाच उड्या येत असतील तर टचपॅड खराब असेलच असं नाही, तळहात लागत असेल. त्याच पानावर Touchpad sensitivity आहे. ती Low sensitivity वर आणून दोन दिवस बघा.

पावसाळ्यातच त्रास का वाढतो?

ओल. टचपॅडला बोट आणि पाण्याचा थेंब यांतला फरक नेहमी कळत नाही. घामट हात, तेलकट थर, पृष्ठभागावर धरलेला दमटपणा, सगळ्याने मोजमाप बिघडतं. लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा आणि लगेच कोरड्याने. कोकणात तर हे जून ते सप्टेंबर रोजचं काम समजा. चहा सांडून कडेच्या फटीतून आत गेला असेल तर मात्र पुसून भागत नाही, उघडून साफ करावं लागतं.

टचपॅड थोडा वर आल्यासारखा वाटतो, क्लिकही कडक झालाय.

हे वाचत असाल तर चार्जर आत्ता काढा आणि लॅपटॉप बंद करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते. ती फुगली की टचपॅडला खालून ढकलते आणि काहीही न करता क्लिक व्हायला लागतात. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा: डुगडुगतो का, कडेला फट पडली आहे का, झाकण नीट मिटतं का.

फुगलेली बॅटरी दाबून सपाट करायची नाही, टोचायची नाही, ‘अजून चालते’ म्हणून चार्ज करायची नाही. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॅटरी बदलल्यावर टचपॅड कित्येकदा आपसूक ठीक होतो.

कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका आहे. त्याचा काही संबंध?

हो. तो ट्रॅकपॉइंट. बोटाने लावलेला जोर मोजून कर्सर चालवतो आणि ‘काहीच जोर नाही’ म्हणजे किती, हे स्वतःच अधूनमधून ठरवत असतो. बोट बराच वेळ टेकलेलं राहिलं तर तोच जोर त्याला शून्य वाटतो, आणि बोट काढल्यावर कर्सर उलट्या दिशेला सरकत राहतो. हात पूर्ण काढून काही सेकंद थांबा, बहुधा तो स्वतःच सावरतो. दिवसातून दहादा होत असेल तर टोपी झिजली आहे का, आजूबाजूच्या कींना घासते का, ते बघा. वापरतच नसाल तर सेटिंगमधून बंद करून टाका.

माउस काढला, टचपॅड बंद केला, चार्जरही नाही. तरी हलतोच!

आता विसरलेल्या उपकरणांची पाळी. टचस्क्रीन असेल तर आधी ती. Windows की आणि X, मग M दाबलं की Device Manager उघडतो. तिथे Human Interface Devices मध्ये HID-compliant touch screen शोधून Disable करा. पडद्याची फक्त स्पर्शाची सोय जाते, चित्र दिसतच राहतं. उड्या थांबल्या तर पडदा पुसून पुन्हा चालू करून बघा, कडेला चिकटलेली घाण किंवा सुटलेला गार्डही पुरतो.

मग सगळे पोर्ट बघा, डेस्कटॉप असेल तर मागचेही. जुना वायरलेस माउस खणात किंवा बॅगेत चालू अवस्थेत पडलेला आणि रिसीव्हर मशीनलाच, हे मी कितीदा पाहिलंय. एका घरी तर तो माउस धाकट्याच्या खेळण्यांत गाडी म्हणून फिरत होता, आणि बाहेरच्या खोलीत बाबांचा एक्सेल वेडा झाला होता. गेम कंट्रोलर जोडलेला असेल आणि Steam हे गेमचं सॉफ्टवेअर मागे चालू असेल तर त्याची झिजलेली दांडी कर्सरला एका बाजूला नेत राहते.

दोन गोष्टी बिघाड नसून सेटिंग असतात. डावी Alt, डावी Shift आणि Num Lock एकत्र दाबली गेली की Mouse Keys सुरू करू का, असं विचारतं. लहान मुलं ‘हो’ म्हणतात. मग बाजूच्या आकड्यांच्या की कर्सर हलवतात, आणि त्यांतली एखादी अडकली असेल तर कर्सर एका चालीने चालत सुटतो. दुसरी, Mouse Properties मधल्या Pointer Options पानावरचं Snap To. ते चालू असेल तर प्रत्येक नवी चौकट उघडताना कर्सर स्वतःच तिच्या बटणावर जातो.

कोणकोण जोडलेलं आहे याची यादी मिळेल का?

विंडोजमध्ये पॉवरशेल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, उघडून हे टाका:

```powershell
Get-PnpDevice -PresentOnly -Class Mouse,HIDClass | Select-Object Status,Class,FriendlyName
```

Mouse वर्गात तुमच्या समजुतीपेक्षा एखादं नाव जास्त दिसलं तर एकेक पिन काढून यादी पुन्हा घ्या. एकाच उपकरणाची दोन-तीन नावं दिसू शकतात, त्याने दचकू नका.

ही यादी हजेरी सांगते, चोर नाही. चोर पकडायला लिनक्स जास्त कामाचं. उबुंटू या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून, मशीनवर उबुंटू इन्स्टॉल न करता, ‘Try’ निवडून मशीन सुरू करा. नेट जोडून टर्मिनलमध्ये:

```bash
sudo add-apt-repository -y universe
sudo apt update
sudo apt install libinput-tools
sudo libinput debug-events
```

सुरुवातीला सगळ्या उपकरणांची नावं `event5`, `event7` अशा क्रमांकांसह येतात. मग हात बाजूला ठेवा. कर्सर हलला की नवी ओळ उमटते आणि तिच्या सुरुवातीला क्रमांक असतो. वरच्या यादीत त्या क्रमांकापुढे जे नाव, तोच हलवणारा. तास-तासभराची अटकळ दोन मिनिटांत संपते. थांबायला Ctrl+C. आणि लिनक्समध्येही कर्सर हलतोय म्हणजे विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा दोष नाही, हेही त्याच वेळी कळलं.

कोणी हॅक तर केलं नसेल ना?

थरथर, सरकणं, वेड्यावाकड्या उड्या हे हॅकरचं काम नसतं. त्याला तुमच्या मशीनमध्ये काम करायचं असतं. कर्सर सरळ जाऊन ब्राउझर उघडत असेल, बँकेचं पान शोधत असेल, खिडक्या मिटत असेल, तर ती माणसाची चाल आहे.

लगेच वायफाय बंद करा किंवा नेटची वायर उपसा. नेट नसतानाही कर्सर हलत असेल तर दोष खोलीतलाच. नेट काढताच थांबला तर AnyDesk, TeamViewer यांसारखं, दुरून मशीन चालवू देणारं काही कोणाच्या सांगण्यावरून टाकलं होतं का ते आठवा. ‘केवायसी अपडेट’ म्हणून फोन आला होता का? पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकू का?

त्रास विंडोज अपडेटनंतर त्याच दिवशी सुरू झाला असेल तर टाका. नाहीतर वरचं सगळं झाल्यावर. ड्रायव्हरने केस निघत नाही आणि अर्थिंगही येत नाही.

टचपॅडच दोषी निघाला. दुरुस्तीला देताना काय सांगू?

‘कर्सर हलतो’ एवढंच सांगू नका. माउस काढून, चार्जर काढून, टचपॅड बंद करून काय काय झालं ते सांगा, आणि जमलं तर मोबाइलवर हात बाजूला ठेवलेला व्हिडिओ काढून न्या. पॅड बदलण्याआधी त्याची पट्टीसारखी चपटी केबल काढून, टोकं साफ करून पुन्हा बसवायला सांगा. लॅपटॉप पडल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर ही केबल सैल झालेली असण्याची शक्यता बरीच. आणि नव्या पॅडचा खर्च परवडत नसेल तर टचपॅड सेटिंगमधून कायमचा बंद करून माउसवर भागवता येतं. माझा स्वतःचा दुकानातला लॅपटॉप गेली दोन वर्षं तसाच चालतोय.